‘विदर्भात अभ्यास झालेला नाही’ म्हणे!

नागपुरात ज्यानं चार-दोन सिनॉप्सिस तपासले असतील, त्याला एक वाक्य तोंडपाठ झालेलं असतं. मूळ इंग्रजीतलं हे वाक्य मराठीत आणलं तर असं होईल: ‘सदर विषयावर विदर्भात पुरेशी माहिती उपलब्ध नाही, म्हणून प्रस्तुत संशोधन हाती घेण्यात येत आहे.’ एमडीचा प्रस्ताव असो, पीएचडीचा असो, की एमबीबीएसच्या मुलांनी आयसीएमआरच्या विद्यार्थी-योजनेसाठी पाठवलेला असो, विषय बदलतो पण हे वाक्य बदलत नाही. त्याच्या आधी तीन-चार पानं ‘अमुक यांनी 2009 मध्ये’, ‘तमुक यांना 2014 मध्ये असे आढळले’ अशी ओळीनं माणसं उभी असतात. ती तिथे का उभी आहेत, हे त्यांनाही माहीत नसतं आणि लिहिणाऱ्यालाही.

या पद्धतीची लाज वाटणारे थोडे आणि तिचं समर्थन करणारे बरेच भेटतात. समर्थन बिनबुडाचं आहे असंही नाही, म्हणून ते आधी नीट मांडतो. पहिला मुद्दा असा की संशोधन स्थानिक असलंच पाहिजे. अमेरिकेतले आकडे घेऊन आपण काय करायचं? दुसरा असा की विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी प्रस्ताव द्यायचा असतो, ओपीडी आणि ड्यूट्या सांभाळून तो आणखी किती वाचणार? तिसरा मुद्दा उघडपणे कुणी मांडत नाही, पण गाइडच्या खोलीत तो हमखास ऐकू येतो. उणीव फार टोकदार लिहू नका, टोकदार लिहिलं की परीक्षक पकडतो. मोघम लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

या तिन्ही मुद्द्यांना माझा विरोध आहे, आणि तो हवेत राहू नये म्हणून एकच विषय घेतो. विषय नागपुरातल्या प्रत्येक मेडिकल विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे: सिकलसेल. ‘विदर्भात अभ्यास नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा याच विषयावर वाचायला मिळतं, आणि सर्वांत जास्त खोटंही इथेच ठरतं.

सिकलसेलवरच्या प्रस्तावाची पार्श्वभूमी बहुतेक वेळा शिकागोच्या जेम्स हेरिक यांच्यापासून, म्हणजे 1910 पासून सुरू होते. मग 1949 चे पॉलिंग येतात. मग 1952 मध्ये लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष कसा सापडला, ते येतं. पहिलं दीड पान संपलं तरी रुग्ण नागपुरात पोचलेला नसतो. नमनाला घडाभर तेल! यातलं एकही विधान चुकीचं नाही. पण प्रस्तावातून ती सगळी काढून टाकली तरी पुढचा प्रश्न, पद्धत, नमुना, काहीच बदलत नाही. पार्श्वभूमीतल्या वाक्याची माझी परीक्षा एवढीच असते. ते वगळलं आणि प्रस्तावाचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहिला, तर ते वाक्य सजावटीचं होतं.

आता ‘विदर्भात अभ्यास नाही’चं बघू. शुक्ल आणि सोळंकी यांचं मध्य भारतातल्या सिकलसेलवरचं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली आलं. म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं वय तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचं होतं. त्यानंतर मेडिकलच्या बालरोग विभागातून डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी, मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतल्या डॉ. रोशन कोलाह यांच्या गटासोबत, या आजारावर एकामागून एक लेख दिले. रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांवर, हायड्रॉक्सियुरियावर, जन्मापासून पाठपुरावा केलेल्या बाळांवर. भारतातल्या सिकलसेलविषयी जगानं जे वाचलं, त्यातला मोठा वाटा याच शहरातून गेला. आणि त्याच शहरातला विद्यार्थी लिहितो की इथली माहिती नाही.

तो खोटं बोलत नसतो, हे मुद्दाम सांगायला हवं. तो शोधतो, पण त्याला सापडत नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. या लेखांपैकी बहुतेकांच्या शीर्षकात ‘विदर्भ’ हा शब्द नाही, पुष्कळदा ‘नागपूर’ही नाही, तिथे ‘मध्य भारत’ आहे. शोधखिडकीत विदर्भ टाइप करणाऱ्याला मोजकेच लेख दिसतात आणि तो समाधानानं उणीव जाहीर करतो. औषधाचंही तसंच. हायड्रॉक्सियुरियालाच ब्रिटिश वळणाच्या नियतकालिकांत हायड्रॉक्सीकार्बामाइड म्हणतात. एकच नाव टाकलं, तर ‘लॅन्सेट’मध्ये 2011 साली आलेला लहान बाळांवरचा ‘बेबी हग’ हा महत्त्वाचा प्रयोगही हातातून सुटू शकतो. पबमेडवर स्थानिक कामासाठी निदान एवढं तरी टाकायला हवं, आणि ‘बेबी हग’सारख्या परदेशी प्रयोगांसाठी मधली, ठिकाणांची ओळ वगळून पुन्हा शोधायला हवं:

```
("sickle cell" OR "HbS")
AND (Nagpur OR Vidarbha OR "central India" OR Maharashtra)
AND (hydroxyurea OR hydroxycarbamide)
```

तेवढ्यावर थांबूनही चालत नाही. आधी झालेले प्रबंध शोधगंगेवर बघायचे, आणि चालू असलेले प्रयोग भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे `ctri.nic.in` वर. जून 2009 पासून तिथे नोंद करणं सक्तीचं आहे. आपण ज्याला उणीव म्हणतो आहोत ती बुजवण्याचं काम कुणी तरी आधीच हाती घेतलं आहे का, हे छापील लेखांतून दोन-तीन वर्षं उशिरा कळतं. नोंदवहीत आजच कळतं. हा सगळा शोध कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी केला, ते पार्श्वभूमीत एका वाक्यात लिहिलं की ‘उपलब्ध नाही’ या शब्दांना पहिल्यांदा काही वजन येतं.

पण समजा, शोध नीट केला आणि खरोखरच एखाद्या तालुक्यातला अभ्यास सापडला नाही. मग ती उणीव झाली का? इथे पहिल्या मुद्द्याशी, ‘संशोधन स्थानिक असावं’ याच्याशी, थेट भिडायला हवं. अमुक तालुक्यात किती वाहक आहेत हे कळणं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला उपयोगाचं आहे, यात वाद नाही. ते सर्वेक्षण आहे, त्याला सर्वेक्षण म्हणावं आणि करावं. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानानं चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरवलं आहे. मोजणीचं काम आता शासनाच्या अंगावर आहे. संशोधन-प्रस्तावातली उणीव वेगळी असते. जागा बदलल्यामुळे उत्तर बदलेल असं मानायला काही कारण असेल, तरच जागा ही उणीव ठरते. आणि ते कारण स्रोतांतूनच दाखवावं लागतं.

असं कारण स्रोतांतून कसं निघतं, ते सिकलसेलच्याच इतिहासात दिसतं. 1986 मध्ये कर आणि सहकाऱ्यांनी ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली. ओडिशातल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, जास्त होतं, अल्फा थॅलेसेमियाही जास्त आढळला. या दोन्ही गोष्टी रुग्णाचं रक्षण करतात असं मानलं जात होतं. तिथून ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ ही समजूत रूढ झाली. गंमत अशी की मूळ लेख सरसकट सौम्यतेचा दाखला देतच नाही. पायावरच्या जुनाट जखमा कमी, हे खरं. पण प्लीहा मोठी राहणं आणि त्यातून होणारी गुंतागुंत जास्त, हेही त्याच लेखात आहे. ‘सौम्य’ हा शब्द पुढच्या लेखांत एकमेकांच्या हवाल्यानं घट्ट होत गेला. मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या पार्श्वभूमीतून संदर्भ उचलला की असं होतं, आणि आपले निम्मे संदर्भ तसेच उचललेले असतात.

मग नागपूरचं काम आलं. इथल्या मुलांतही ओडिशासारखाच अरब-भारतीय हॅप्लोटाइप आढळतो, म्हणजे जनुकाच्या आसपासची ठेवण तीच. त्यामुळे आजार इथेही सौम्य असायला हवा होता. ओपीडीत तो तसा दिसत नव्हता. 2016 मध्ये नागपूरच्या गटानं मध्य भारतातला सिकलसेल तीव्र होऊ शकतो असं सांगणारा लेख छापला, आणि त्याच्या लेखकांत ग्रॅहॅम सर्जंट यांचं नाव होतं. हेच सर्जंट 1986 च्या ओडिशाच्या लेखातही होते. आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही स्रोतांवर एकाच माणसाची सही आहे आणि दोन्हींचा सूर वेगळा आहे. पार्श्वभूमी लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं घबाड कुठलं मिळणार? ‘हॅप्लोटाइप तोच, एचबीएफ तसंच जास्त, तरी तीव्रता वेगळी’ असं म्हटलं की नागपूर हे केवळ पत्त्यापुरतं उरत नाही, त्याचाच प्रश्न होतो.

यावर कुणी म्हणेल, मेडिकलला गंभीर मुलंच येतात, म्हणून आजार गंभीर दिसतो. आक्षेप अगदी योग्य आहे, आणि तो पार्श्वभूमीत स्वतःहून मांडला पाहिजे, कारण त्याचं उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका नागपूरच्या लेखात आहे. 2016 च्या जानेवारीत उपाध्ये, जैन आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस वन’मध्ये नवजात बाळांची मालिका छापली. मूल आजारी पडून दवाखान्यात आल्यावर नव्हे, तर जन्मल्यावर शोधायचं आणि मग त्याच्या मागे राहायचं. 2134 बाळांची तपासणी झाली, त्यांपैकी 104 एसएस निघाली, 7 एस-बीटा थॅलेसेमियाची आणि 978 वाहक. पाठपुराव्यात दर शंभर बालक-वर्षांमागे वेदनेच्या सुमारे साठ घटना नोंदल्या गेल्या. एसएस बाळांपैकी सहा लहान वयातच दगावली. रुग्णालयात गंभीर मुलंच येतात हा आक्षेप इथे बराचसा बोथट होतो.

आता या लेखाचा चुकीचा वापर कसा होतो तो बघा. 104 भागिले 2134 म्हणजे 4.9 टक्के. विद्यार्थी लिहितो, ‘नागपुरात जन्मणाऱ्या दर शंभर बाळांपैकी सुमारे पाच बाळांना सिकलसेल असतो.’ भयंकर विधान आहे आणि साफ चूक आहे. तपासलेली बाळं सरसकट जन्मलेली नव्हती. ज्या आयांच्या रक्तात सिकल आढळला होता, त्यांची ती बाळं होती. हे पद्धतीच्या भागात लिहिलेलं असतं, पण तो भाग वाचतो कोण? तरीसुद्धा सारांशातल्या आकड्यांवरून शंका यायला हवी होती. 104, 7 आणि 978 यांची बेरीज 1089 होते, म्हणजे 2134 च्या निम्म्याहून किंचित जास्त. दर दोन बाळांमागे एकात सिकल जनुक, असं कुठल्या सर्वसाधारण लोकसंख्येत असतं? आई वाहक असेल तर निम्म्या बाळांना तिच्याकडून तो जनुक मिळतो. आकडे स्वतःच सांगत होते की निवड आधी झाली आहे. पार्श्वभूमीत आकडा उतरवण्याआधी त्याचा छेद कोण आहे हे विचारणं म्हणतात ते हेच.

इथवर दोन गोष्टी स्रोतांतून उभ्या राहिल्या. आजार तीव्र असू शकतो आणि हे निव्वळ रुग्णालयाच्या निवडीचं फळ नाही. आता उपचाराकडे येऊ, कारण उणिवेची खरी धार तिथे दिसते.

2012 मध्ये नागपूरच्या गटानं हायड्रॉक्सियुरियाचा प्लासिबोशी तुलना करणारा प्रयोग ‘हिमोग्लोबिन’ या नियतकालिकात छापला. साठ मुलं होती, मात्रा किलोमागे 10 मिलिग्रॅम, न वाढवता स्थिर ठेवलेली. वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज दोन्ही ठळकपणे कमी झाली. कमी आणि स्थिर मात्रेचा आपल्याकडे व्यवहारातला फायदाही समजण्यासारखा आहे. मात्रा वाढवत न्यायची तर रक्ताच्या पेशी वारंवार मोजाव्या लागतात, कारण हे औषध अस्थिमज्जेला दाबतं. गडचिरोलीहून दीडशेहून अधिक किलोमीटर अंतर तोडून आलेल्या आईला दर महिन्याला ‘सीबीसी करून आण’ सांगणं सोपं नसतं. त्यात कॅप्सूल सहसा 500 मिलिग्रॅमची. पंधरा किलोच्या पोराला 150 द्यायचे म्हटलं तरी ती फोडून विरघळवावी लागते.

दुसरीकडे 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये युगांडातल्या कंपाला इथला प्रयोग आला. तिथे एका गटाला किलोमागे सुमारे 20 मिलिग्रॅम स्थिर, तर दुसऱ्याला सोसेल तितकी वाढवलेली, सरासरी तिसाच्या जवळ. वाढवलेल्या गटात 86 टक्के मुलं ठरवलेल्या यशापर्यंत पोचली, स्थिर गटात 37 टक्के. वेदना, रक्त देणं, भरती, सगळंच वाढवलेल्या गटात कमी. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधी थांबवला गेला.

इथे साधारण प्रस्ताव असा लिहिला जातो: ‘युगांडात वाढती मात्रा सरस ठरली. विदर्भात असा अभ्यास नाही. म्हणून तोच अभ्यास इथे करू.’ वरवर बघता छान वाटतं. पण त्या प्रयोगात ‘यश’ कशाला म्हटलं होतं? हिमोग्लोबिन निदान 9 किंवा एचबीएफ निदान 20 टक्के. आता ओडिशा आणि नागपूरच्या रुग्णांचं वैशिष्ट्य काय होतं, ते आठवा. त्यांचं एचबीएफ मुळातच जास्त, अनेक मुलांत औषधाची पहिली कॅप्सूल पोटात जाण्याआधीच विसाच्या आसपास. म्हणजे युगांडाची मोजपट्टी इथे लावली, तर बरीच मुलं उपचार सुरू होण्याआधीच ‘यशस्वी’ ठरतील, आणि त्यातली काही त्याच आठवड्यात वेदनेनं रडत भरतीही होतील.

माझ्या मते उणीव इथे आहे. नागपूरचा प्रयोग सांगतो की 10 मिलिग्रॅम काहीच न देण्यापेक्षा चांगलं. ते पुरेसं आहे का, हे तो सांगू शकत नाही, कारण त्यानं तुलना प्लासिबोशी केली. युगांडाचा प्रयोग सांगतो की जास्त मात्रा चांगली; पण ज्या मोजपट्टीनं तो हे सांगतो, ती इथल्या मुलांना लागू पडत नाही. एकाची तुलना अपुरी, दुसऱ्याचा निकष परका. 10 मिलिग्रॅमवर असलेल्या आपल्या मुलांपैकी कुणाची मात्रा वाढवायला हवी, हे कशावरून ओळखायचं, याचं उत्तर या दोन्हींतून निघत नाही. हे वाक्य लिहायला हेरिक लागत नाहीत, पॉलिंग लागत नाहीत, चाळीस संदर्भही लागत नाहीत. पाच-सहा पुरतात, पण त्यांतला प्रत्येक पूर्ण वाचलेला लागतो, तक्त्यांसकट.

प्रस्तावात हा मजकूर साधारण असा दिसेल:

‘भारतातील सिकलसेल सौम्य असल्याची समजूत ओडिशातील 1986 च्या तुलनेपासून रूढ आहे. नागपुरातील जन्मापासूनच्या पाठपुराव्यात मात्र तोच हॅप्लोटाइप असूनही अनेक बालकांत तीव्र लक्षणे आढळली. अशा बालकांत 10 मिग्रॅ/किग्रॅ ही स्थिर मात्रा प्लासिबोपेक्षा परिणामकारक ठरली आहे. वाढत्या मात्रेचा अधिक लाभ युगांडात दिसला. परंतु तेथील यशाचा निकष एचबीएफवरही आधारित असल्याने, मुळात एचबीएफ जास्त असलेल्या बालकांत तो वापरता येत नाही. स्थिर मात्रेवर असूनही त्रास चालू राहणारी बालके आधीच ओळखण्याचा निकष वरील स्रोतांतून मिळत नाही.’

यानंतर शोधाची तारीख आणि शब्द येतील. आणि शोधात असा निकष देणारा एखादा लेख सापडलाच, तर उणीव सरकेल. तो लेख कुठे थांबतो तिथून पुढे लिहावं लागेल. याला अपयश समजण्याचं कारण नाही, प्रस्ताव तेवढा पुढे गेलेला असतो.

आता तिसऱ्या मुद्द्याकडे वळतो: मोघम लिहा, सुरक्षित राहा. ही सुरक्षितता दोन पानांपुरतीच टिकते, कारण दोन पानांनंतर नमुन्याचा आकार काढायचा असतो. तो सूत्रातून येतो आणि सूत्राला आकडे पार्श्वभूमीतून लागतात. युगांडाचे 37 आणि 86 टक्के सूत्रात घातले, पाच टक्क्यांची पातळी आणि ऐंशी टक्के शक्ती धरली, तर दर गटात साधारण बारा मुलं पुरेशी ठरतात. विद्यार्थी खूश, गाइडही खूश. पण तो निकषच इथे चालत नाही हे आपण आत्ताच पाहिलं. त्याऐवजी ‘वर्षभरात वेदनेचा निदान एक झटका’ असा निकष घेतला आणि, उदाहरणासाठी, तो 50 टक्क्यांवरून 30 वर यावा अशी अपेक्षा ठेवली, तर त्याच सूत्रातून दर गटात नव्वदहून थोडी जास्त मुलं निघतात, आणि मध्येच येणं सोडणाऱ्यांची भर वेगळीच. कुठे बारा आणि कुठे नव्वद! हा फरक संख्याशास्त्रज्ञानं निर्माण केलेला नाही. उणीव काय आहे हे ठरवताना तो ठरला. उणीव मोघम ठेवणारा विद्यार्थी संख्याशास्त्रज्ञाच्या खोलीत जातो आणि विचारतो, ‘सर, किती घेऊ? साठ चालतील ना?’ साठ का, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं, कारण मागच्या वर्षीच्या थिसिसमध्येही साठच होते.

परीक्षक पकडतो म्हणून घाबरायचं, तर टोकदार विधान चुकलं तर ते चुकलं म्हणून दाखवता येतं, आणि त्यातून प्रस्ताव सुधारतो. मोघम विधान कुणालाच चुकीचं ठरवता येत नाही, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नसतं.

राहिला वेळेचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. पीजीच्या पोराकडे वेळ नाही, पैसा नाही, दोन गटांचा नव्वद-नव्वद मुलांचा प्रयोग तो कुठून करणार? करू नयेच. पण उणीव नीट मांडल्याचा फायदाच हा की ती कापून लहान करता येते. मोघम उणीव कापता येत नाही, तिला कडाच नसतात. वरच्या प्रश्नाचा एक तुकडा असा: ओपीडीत आधीपासून 10 मिलिग्रॅमवर असलेली मुलं घ्या, औषध सुरू होण्यापूर्वीचं एचबीएफ आणि अल्फा थॅलेसेमियाची नोंद ज्यांची सापडते ती वेगळी काढा, आणि गेल्या वर्षभरात कुणाला वेदनेचे झटके चालूच राहिले ते तपासा. अल्फा थॅलेसेमियाचं नाव इथे सहज आलेलं नाही. 2016 च्या नवजात मालिकेत अल्फा थॅलेसेमिया असलेल्या बाळांत वेदनेचं आणि जंतुसंसर्गाचं प्रमाण उलट जास्त आढळलं होतं. 1986 मध्ये ज्याला संरक्षण समजलं, तेच. म्हणजे हा तुकडाही स्रोतांतल्या एका विसंगतीवर उभा आहे. नवं औषध नको, नवी कॅप्सूल नको, केसपेपर, प्रयोगशाळेची वही आणि फोन पुरतात. अशा अभ्यासाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. औषध नियमित घेतलं की नाही हे आईच्या सांगण्यावर अवलंबून, आणि जी मुलं यायची बंद झाली ती बरी होती, गावी गेली की दगावली, हे कळत नाही. त्या मर्यादा प्रस्तावातच लिहायच्या. एथिक्स कमिटीला त्या वाचून राग आलेला मी तरी पाहिलेला नाही.

मग प्रस्ताव तपासणाऱ्या समितीनं काय विचारावं? माझा आग्रह एका प्रश्नाचा आहे: ‘तुमच्या संदर्भांपैकी कोणते दोन एकमेकांशी जुळत नाहीत, आणि का?’ ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला संदर्भ बारा असले तरी पुढे जाऊ द्यावं. ज्याच्याकडे नाही, त्याची पार्श्वभूमी साठ संदर्भांची असली तरी परत पाठवावी, आणि सोबत ‘मध्य भारत’ हे शब्द टाकून पुन्हा शोधायला सांगावं.